नऊच्या रिपोर्टची आठलाच चौकशी हवी

रात्री किंवा पहाटे चालणाऱ्या जॉबवर लक्ष ठेवायची आपल्याकडची रूढ पद्धत एकच आहे: जॉब फेल झाला की ई-मेल येतो. ई-मेल आला नाही, म्हणजे सगळं ठीक. या समजुतीत एक मोठं भोक आहे. जॉब पूर्ण होतो किंवा फेल होतो, हे दोन शेवट झाले. पण सकाळी नऊ वाजता तो नुसता चालूच असला, तर कुणालाही काहीच कळत नाही. ज्या विभागाला रिपोर्ट हवा असतो तो फोन करतो, तेव्हा संगणक विभागाकडून उत्तर मिळतं, ‘जॉब रनिंग आहे, एरर काही नाही.’ हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या खरं आणि कामाच्या दृष्टीनं निरुपयोगी असतं. वेळ उलटल्यावर रिपोर्ट न येणं आणि जॉब फेल होणं यांत रिपोर्ट वाचणाऱ्यासाठी काडीचाही फरक नाही. तेव्हा अलर्ट जॉबच्या स्थितीवर बांधायचा सोडून घड्याळावर बांधला पाहिजे, आणि तो रिपोर्टची वेळ होण्याच्या आधी वाजला पाहिजे, असं आमचं म्हणणं आहे.

हे भोक आपल्या निष्काळजीपणानंच पडलंय असं नाही; वापरात असलेली साधनंच तशी घडलेली आहेत. सहकारी बँका, कारखाने, दूध संघ यांच्याकडे सर्रास दिसणारा एसक्यूएल सर्व्हर घ्या. त्याच्या एजंटमध्ये जॉबच्या सूचनेसाठी तीनच पर्याय असतात: यशस्वी झाल्यावर, फेल झाल्यावर, किंवा कसाही संपल्यावर. तिन्ही संपल्यानंतरचे. ‘अमुक वाजेपर्यंत संपला नाही तर’ असा चौथा पर्यायच तिथे नाही. जॉबचा इतिहास ठेवणाऱ्या `sysjobhistory` टेबलमध्येही पायरीची नोंद ती पायरी संपल्यावर पडते. म्हणजे सकाळी इतिहास उघडून पाहणाऱ्याला अडकलेली पायरी तिथे दिसतच नाही. दिसतात त्या आधीच्या, सुरळीत पार पडलेल्या. लिनक्सवरच्या क्रॉनची गोष्ट याहून साधी आहे. जॉबनं काही छापलं तर तो ते मेल करतो, आणि मुकाट्यानं चालत राहिलेला जॉब काही छापत नाही.

एक उदाहरण आकड्यांसकट मांडतो. समजा, एका नागरी सहकारी बँकेच्या चाळीसेक शाखा आहेत. रोकड विभागाला रोज सकाळी शाखानिहाय रोकड स्थितीचा रिपोर्ट लागतो: कोणत्या शाखेत मर्यादेपेक्षा जास्त रोख पडून आहे, कुठे कमी पडणार आहे. त्यावरून रोकड गाडीचा मार्ग आणि कुठे किती द्यायचे ते ठरतं. गाडी साडेनऊला निघते, म्हणून रिपोर्ट नऊला हवा. जॉब पहाटे सहाला, डे-एंड झाल्यावर सुरू होतो. त्याच्या सहा पायऱ्या आहेत. पहिल्या तिनांना मिळून वीस मिनिटं, चौथीला दहा, शेवटच्या दोनांना पंधरा. पावणेसातला रिपोर्ट तयार. सव्वादोन तास हाताशी आहेत म्हणून सगळे निर्धास्त असतात, आणि वर्षातले बहुतेक दिवस ते निर्धास्त असणं बरोबरही ठरतं.

आता १ जुलैची सकाळ. ३० जूनच्या डे-एंडला बचत खात्यांवर तिमाही व्याज जमा झालेलं आहे. एरवी दिवसाला पंधरा हजार नोंदी पडतात. त्या दिवशी त्यांच्यावर व्याजाच्या तीन लाख नोंदी आल्या. चौथी पायरी दिवसभराच्या सगळ्या नोंदी घेते, प्रत्येक नोंदीचं खातं आणि शाखा शोधते आणि त्यातून रोखीचे व्यवहार वेगळे काढते. व्याजाचा रोखीशी संबंध नाही, पण चाळणीतून त्यालाही जावंच लागतं. नोंदी झाल्या एकवीस पट. नोंदीगणिक शोध घेण्याची पद्धत तीच राहिली, तर दहा मिनिटांची पायरी दोनशे दहा मिनिटांवर जाते. सहा वीसला सुरू झालेली पायरी नऊ पन्नासला संपते, रिपोर्ट दहा वाजून पाच मिनिटांनी येतो. एकही एरर नाही. सर्व्हर ठणठणीत. सगळं ‘चालू’.

शोधाची पद्धत तीच का राहिली, हे पाहण्यासारखं आहे, कारण उशीर बहुधा असाच येतो. डेटाबेस एखादी क्वेरी कशी चालवायची ते टेबलच्या आकडेवारीवरून ठरवतो, म्हणजे कोणत्या तारखेच्या किती नोंदी आहेत याच्या अंदाजावरून. ही आकडेवारी शेवटची ताजी केली रविवारी, तर सोमवारची तारीख तिच्यात नाहीच. जुन्या कम्पॅटिबिलिटी लेव्हलवर चालणारा एसक्यूएल सर्व्हर अशा न पाहिलेल्या तारखेसाठी ‘एखादी नोंद असेल’ असा अंदाज बांधतो, आणि एका नोंदीसाठी सोयीची पद्धत निवडतो: एकेक नोंद उचला, दुसऱ्या टेबलात जाऊन शोधा. पंधरा हजार नोंदींना हा चुकीचा अंदाज खपून जातो, सव्वातीन लाखांच्या आसपास खपत नाही. आकडेवारी आपोआप ताजी होते हे खरं, पण जुन्या नियमानं त्यासाठी टेबलच्या वीस टक्के नोंदी बदलाव्या लागतात. टेबल दोन कोटी नोंदींचं असेल, तर चाळीस लाख. एका रात्रीच्या तीन लाखांनी तो उंबरठा ओलांडला जात नाही. २०१६च्या आवृत्तीपासून, लेव्हल १३० वर, हाच उंबरठा दोन कोटींच्या टेबलसाठी सुमारे एक लाख एक्केचाळीस हजारांवर येतो. पण सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीनं परवानगी दिली नाही म्हणून जुन्या लेव्हलवरच अडकलेले डेटाबेस काही कमी नाहीत.

या उदाहरणातून निघणारी गोष्ट अलर्टच्या वादात निर्णायक आहे. रिपोर्टला उशीर होण्याचे दिवस सोडतीतून निघत नाहीत. तिमाहीअखेर, महिन्याची पहिली तारीख, सलग सुट्ट्यांनंतरचा दिवस, असे भाराचेच दिवस उशिराचे असतात. आणि रिपोर्टची गरजही त्याच दिवशी सर्वांत जास्त असते. पहिल्या तारखेला निवृत्तिवेतनधारक रोख काढायला शाखेत येतात. नेमकी त्याच सकाळी कोणत्या शाखेत किती रोख आहे हे मुख्यालयाला माहीत नसतं. जॉब वर्षातून चार-पाच वेळाच लांबतो, तेवढ्यासाठी कशाला यंत्रणा उभारायची, हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे. ते चार-पाच दिवस कोणते, हे विचारलं की तो कोसळतो.

आता अलर्ट कसला लावायचा. पहिली सूचना सहसा येते ती अशी: नेहमीच्या दुप्पट वेळ लागला की अलर्ट. पंचेचाळीस मिनिटांचा जॉब नव्वद मिनिटं चालला, की साडेसातला फोन वाजवा. वरच्या उदाहरणात हे चालून जातं, त्यामुळे ते पुरेसं वाटतं. पण समजा, एखाद्या दिवशी डे-एंडच लांबला आणि जॉब आठ चाळीसला सुरू झाला. नेहमीच्या वेगानं तो नऊ पंचवीसला संपेल. दुप्पट वेळेचा अलर्ट दहा दहापर्यंत वाजणारच नाही, आणि त्याच्या हिशेबात काही बिघडलेलंही नाही. उलट बाजू पाहा. रविवारी देखभालीच्या कामामुळे जॉब दोन तास चालला. रिपोर्ट सोमवारी हवा आहे, कुणाचं काही अडलेलं नाही, तरीही सकाळी साडेसातला एकाला उठवलं गेलं. असे चार रविवार गेले, की तो माणूस फोन सायलेंटवर टाकतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. किती वेळ लागला हा जॉबचा प्रश्न. किती वाजले हा वाचणाऱ्याचा.

दुसरी सूचना: ठरल्या वेळी जॉब अजून चालू आहे का ते पाहा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते असं विचारता येतं:

```sql
SELECT j.name, a.start_execution_date
FROM msdb.dbo.sysjobactivity AS a
JOIN msdb.dbo.sysjobs AS j ON j.job_id = a.job_id
WHERE a.session_id =
      (SELECT MAX(session_id) FROM msdb.dbo.syssessions)
  AND a.start_execution_date IS NOT NULL
  AND a.stop_execution_date IS NULL;
```

यातली `session_id`ची अट वगळून चालत नाही. जॉब चालू असताना एजंट बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर जुन्या सत्रातली ओळ शेवटच्या वेळेशिवाय तशीच पडून राहते, आणि अट नसेल तर महिनोन्‌महिने ‘जॉब चालू आहे’ असा खोटा अलर्ट येत राहतो. क्वेरी उपयोगी आहेच. कुठली पायरी अडली आहे ते शोधायला ती हाताशी हवी. पण मुख्य पहारा तिच्यावर ठेवू नये. जॉब सुरूच झाला नाही, कुणी काल शेड्यूल बंद करून परत चालू करायला विसरलं, डे-एंड न झाल्यामुळे पहिल्याच पायरीनं ‘आज काम नाही’ म्हणून यशस्वी शेवट केला, यांतल्या प्रत्येक वेळी जॉब ‘चालू’ नाही. क्वेरी रिकामी येते, आणि रिकाम्या उत्तराचा अर्थ सगळं ठीक असा लावला जातो.

म्हणून विचारायचा प्रश्न एकच: हव्या असलेल्या दिवसाचा रिपोर्ट तयार आहे का? त्यासाठी जॉबच्या अगदी शेवटच्या पायरीनं एका छोट्या टेबलमध्ये एक ओळ लिहावी: रिपोर्टचं नाव, व्यवहार दिनांक, तयार झाल्याची वेळ, रिपोर्टमधल्या ओळींची संख्या. पहारेकरी एवढंच पाहतो:

```sql
SELECT finished_at, row_count
FROM dbo.report_ready
WHERE report_name = 'cash_position'
  AND business_date = @expected_date;
```

ओळ नाही, तर अलर्ट. जॉब अडकला, पडला, सुरूच झाला नाही, चारही पायांवर उभा राहून काहीच केलं नाही, कारण काहीही असो, उत्तर एकच येतं. यात व्यवहार दिनांकावर बोट ठेवलं आहे, तयार झाल्याच्या वेळेवर नाही, आणि ते जाणीवपूर्वक. फाइल आज सकाळची आहे पण तिच्यातले आकडे परवाचे आहेत, असं होतं; विशेषतः डे-एंड अर्धवट राहिला की. ओळींची संख्याही उगाच नाही. चाळीस शाखांचा रिपोर्ट एकतीस ओळींचा आला, तर तो तयार झाला असं म्हणता येणार नाही. `@expected_date` मात्र ‘आज वजा एक’ करून काढू नका. रविवार आहेत, बँकांचा दुसरा आणि चौथा शनिवार आहे, राज्याच्या सुट्ट्या आहेत. डे-एंड ज्या सुट्ट्यांच्या तक्त्यावर चालतो, तोच तक्ता इथेही वापरायचा. पहारेकऱ्यासाठी दुसरा तक्ता केला, की कुठल्या तरी गुढीपाडव्याला दोघांत मतभेद होणार हे नक्की.

हा पहारेकरी राहतो कुठे, हेही ठरवावं लागतं. तो त्याच सर्व्हरच्या त्याच एजंटमध्ये दुसरा जॉब म्हणून टाकला, तर एजंट बंद पडल्यावर दोघे एकत्र झोपतात. तो वेगळ्या यंत्रावर असावा, आणि डेटाबेसशी जोडणी झाली नाही तर तेही ‘तयार नाही’ असंच धरावं. जोडणीची एरर पोटात घालून गप्प बसणारी स्क्रिप्ट काय कामाची? लिनक्सवर क्रॉननं चालवायचा असेल तर वेळेचा हिशेब तपासा. क्लाउडमधलं यंत्र बहुधा यूटीसीवर असतं, आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. आपले सकाळचे आठ म्हणजे तिथले दोन तीस. प्रोमिथियसचं `hour()` हे फंक्शनही यूटीसीच देतं, त्यामुळे नुसत्या तासाच्या अटीनं आपले आठ पकडताच येत नाहीत. `minute()`ची जोड द्यावी लागते. रेड हॅट घराण्यातल्या क्रोनीमध्ये वेळेचा पट्टा थेट लिहिता येतो:

```
CRON_TZ=Asia/Kolkata
0 8 * * 1-6 /opt/watch/check_report.sh cash_position
```

डेबियनच्या जुन्या क्रॉननं ही पहिली ओळ पाळली जाईल असं गृहीत धरू नका. तिथे `30 2` लिहिणं सुरक्षित.

आठच का? या आकड्यावर सर्वांत कमी विचार होतो आणि सर्वांत जास्त अवलंबून असतं. रिपोर्ट नऊला हवा म्हणून अलर्टही नऊला लावणारे पुष्कळ. नऊला वाजणारा अलर्ट फक्त शोकसंदेश देतो. वेळ मागे मोजत यायची असते. आमच्या उदाहरणात जाग्या झालेल्या माणसाला लॅपटॉप उघडून, व्हीपीएन जोडून, कुठली पायरी अडली ते पाहून निर्णय घ्यायला वीस मिनिटं धरा. चालू पायरी थांबवून `UPDATE STATISTICS` चालवायला पाच. चौथी पायरी नव्यानं चालायला बारा, पुढच्या दोन पायऱ्यांना पंधरा. एकूण बावन्न. नऊमधून बावन्न मिनिटं वजा केली की आठ वाजून आठ मिनिटं होतात. म्हणजे आठ हीच शेवटची सोयीची वेळ, आणि तीही सगळं पहिल्या फटक्यात जमलं तर.

ते जमेलच असं नाही, कारण चालू पायरी थांबवणं फुकट नसतं. त्या पायरीनं एकाच व्यवहारात बरंच काही लिहिलेलं असेल, तर `KILL` दिल्यावर डेटाबेस ते सगळं उलटं पुसत बसतो, आणि त्याला लिहिण्याइतका किंवा त्याहूनही जास्त वेळ लागू शकतो. `KILL 57 WITH STATUSONLY` विचारलं तर किती टक्के उलटलं त्याचा अंदाज मिळतो (५७ हा त्या सत्राचा क्रमांक). घाबरून सर्व्हरच बंद-चालू करणाऱ्यांना वाटतं की आपण सुटलो. पण परत सुरू होताना डेटाबेस तेच राहिलेलं काम पुढे चालवतो, आणि या वेळी बाकीच्यांनाही ताटकळत ठेवतो. २०१९च्या आवृत्तीतली ॲक्सिलरेटेड डेटाबेस रिकव्हरी चालू केलेली असेल, तर हे उलटणं झटपट होतं. ती नसेल, तर दीड तास चाललेली पायरी मारायची की राहू द्यायची, हा खराखुरा निर्णय आहे. म्हणूनच अलर्टनं जॉब आपोआप मारावा, ही सूचना आम्हाला मान्य नाही. पाच मिनिटांत संपणार असलेला जॉब आठच्या ठोक्याला यंत्रानं मारला, तर उशीर झाला नसता तो यंत्रानं घडवला.

पायऱ्यांच्या सीमारेषा ठरवल्या तर आठच्याही आधी कळू शकतं. चौथी पायरी रोज साडेसहाला संपते; ती सव्वासातपर्यंत संपली नाही, तर काही तरी वेगळं घडतंय हे स्पष्ट आहे. त्यासाठी प्रत्येक पायरीनं आपल्या शेवटी एक खूण टाकायची, एवढंच. पण ही सव्वासातची सूचना फोन वाजवणारी नसावी. कामावर असलेल्याच्या पडद्यावर पिवळी दिसली तरी पुरे. फोन आठचाच. दोन्हींना एकच आवाज दिला, की आठचा आवाज पंधरा दिवसांत ऐकू येईनासा होतो.

आतापर्यंतचं बहुतेक संगणकवाल्यांना पटतं. पुढचं पटत नाही, आणि आमच्या मते खरा मुद्दा तोच आहे: आठचा संदेश रोकड विभागालाही त्याच मिनिटाला गेला पाहिजे. आक्षेप ठरलेला असतो. आधी आम्हाला बघू द्या, सुटलं तर कुणाला कळायचीही गरज नाही. उगाच सकाळी सकाळी ओरड होते, वरपर्यंत फोन जातात. यात आपली अब्रू सांभाळण्याचा भाग आहे, तो समजण्यासारखा आहे. पण हिशेब करून पाहा. रोकड विभागाकडे दुसरी वाट आहे: चाळीस शाखांना फोन करून काल संध्याकाळची हातातली रोख विचारणं. दोन माणसांनी एका फोनला दोन मिनिटं धरली तरी चाळीस मिनिटं लागतात. म्हणजे त्यांना आठ वीसच्या आत कळायला हवं. संगणक विभागानं पावणेनऊपर्यंत धडपड केली आणि मग ‘आज जमत नाही’ म्हणून सांगितलं, तर त्यांनी दोन्ही वाटा बंद केल्या, आपलीही आणि त्यांचीही. ओरड टाळायची म्हणून माहिती दाबायचा अधिकार त्या विभागाला कुणी दिलेला नसतो. तो सवयीनं घेतलेला असतो.

संदेश कसा असावा, याचं एक उदाहरण देतो. ‘जॉब आयडी ४१७ ड्युरेशन थ्रेशोल्ड एक्सीडेड’ हे वाचून रोकड विभागातल्या बाईंना काय कळणार? त्याऐवजी असं:

‘रोकड स्थिती रिपोर्ट, व्यवहार दिनांक ३० जून: सकाळी ८ पर्यंत तयार नाही. पायरी ४ सकाळी ६.२० पासून चालू आहे, एरवी १० मिनिटं लागतात. पुढची माहिती ८.२० ला देऊ. पोर्टलवर सध्या दिसतो तो आधीच्या दिवसाचा रिपोर्ट आहे, तो वापरू नये.’

शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. रिपोर्ट नसणं जितकं घातक, त्याहून जुना रिपोर्ट नवा समजून वापरणं घातक. गाडी निघते, पण चुकीच्या शाखेकडे. त्यामुळे व्यवहार दिनांक रिपोर्टच्या डोक्यावर ठळक छापायला हवा, तळाशी बारीक अक्षरांत नको. आणि आठ वीसला माहिती देऊ म्हटलं, की नवं काही कळलेलं नसलं तरी आठ वीसला संदेश जायला हवा. ‘अजून चालू आहे, नऊपर्यंत येणार नाही असं धरून चला’ हीदेखील माहितीच आहे, आणि फोन करायला बसलेल्या माणसाला ती अंदाजे आशेपेक्षा जास्त उपयोगी पडते. संगणक विभागाच्या बाजूनं एवढंच बघायचं की फोन घेतला गेला का. दहा मिनिटांत कुणी ‘बघतो’ म्हटलं नाही, तर दुसऱ्या माणसाला वाजला पाहिजे.

मग प्रत्येक रिपोर्टला असा अलर्ट लावायचा का? नाही. सकाळच्या साठ जॉबना साठ अलर्ट लावले, तर पहिल्या तिमाहीअखेरीस साठ फोन येतील आणि रोकड रिपोर्ट त्यात बुडेल. अलर्ट त्याच रिपोर्टला, ज्याच्या उशिरामुळे कुणाचं तरी ठरावीक काम अडतं. हे ठरवायला विभागप्रमुखांना ‘तुम्हाला रिपोर्ट किती वाजता हवा?’ असं विचारू नये. सगळे ‘सकाळी लवकर’ म्हणतात, काही जण पदाच्या मानानं आणखी लवकर. ‘हा रिपोर्ट पाहून तुम्ही काय करता, आणि तो आला नाही तर काय करता?’ असं विचारावं. गाडी पाठवतो, असं उत्तर आलं तर त्याला वेळ आहे. फाइलला लावतो, असं आलं तर अलर्टची गरज नाही. तोंडी उत्तरावर भरवसा नसेल तर नोंदी बघा. एसक्यूएल सर्व्हर रिपोर्टिंग सर्व्हिसेस वापरात असेल, तर `ReportServer` डेटाबेसमधल्या `ExecutionLog3` या व्ह्यूमध्ये कोणता रिपोर्ट कुणी, किती वाजता उघडला ते मिळतं. `ItemPath`, `UserName` आणि `TimeStart` हे तीन रकाने पुरतात. आठला हवाच म्हणून आग्रह असलेला रिपोर्ट महिनाभर अकराच्या आधी कुणी उघडलेलाच नाही असं तिथे निघालं, तर संभाषण सोपं होतं. ही नोंद एरवी साठ दिवसांचीच ठेवली जाते, त्यामुळे तिमाहीअखेरचं चित्र हवं असेल तर ती वेळेत बाजूला काढून ठेवावी.

ठरलेली वेळ आणि न आल्यास करायचं काम, दोन्ही त्या विभागानं लिहून द्यायची आणि संगणक विभागानं अलर्टमध्ये तशीच उतरवायची. गाडीची वेळ उद्या साडेनऊवरून नऊ झाली, तर अलर्ट आठवरून साडेसातवर आणायला कुणी सांगायचं, हेही त्याच कागदावर असावं. नाहीतर गाडी पुढे सरकते आणि अलर्ट जुन्या जागी उभा राहतो, जे बदल्यांच्या हंगामानंतर हमखास घडतं.

राहिला तो दहा वाजून पाच मिनिटांनी आलेला रिपोर्ट. तोपर्यंत रोकड विभागानं फोनवरून आकडे जमवून गाडी पाठवलेली असते. आता पोर्टलवर खरा रिपोर्ट येतो, आणि त्यातला एखाद्या शाखेचा आकडा फोनवरच्या आकड्याशी जुळत नाही. पहारेकऱ्यानं इथे आणखी एक संदेश पाठवायचा असतो, जो बहुतेक यंत्रणांत नसतो: ‘३० जूनचा रिपोर्ट १०.०५ ला तयार झाला, ४० ओळी.’ तो आला की रोकड विभाग दोन्ही याद्या शेजारी ठेवतो, फरक असलेल्या शाखा काढतो, आणि गाडी वाटेत असेल तर चालकाबरोबरच्या अधिकाऱ्याला फोन करतो. संगणक विभाग त्याच दुपारी डे-एंडनंतरच्या पहिल्या पायरीत, नोंदी मोजून एक लाखाच्या वर असतील तर आकडेवारी ताजी करण्याची ओळ घालतो. आठचा अलर्ट मात्र तसाच ठेवायचा, कारण ३० सप्टेंबरच्या रिपोर्टला उशीर झालाच, तर त्याचं कारण वेगळं असेल.